‘मशीन बंद करा’ म्हणजे नेमके काय करा? सुरक्षा पुस्तिका मराठीत आणताना

पॉवर प्रेसच्या, म्हणजे डायमध्ये पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या यंत्राच्या, पुस्तिकेत देखभालीचे प्रकरण उघडले की बहुतेक वेळा अशा धर्तीचे वाक्य भेटते:

> देखभालीचे कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी यंत्राचा विद्युत पुरवठा खंडित करण्यात आला असल्याची व संचयित ऊर्जा मुक्त करण्यात आली असल्याची खात्री केली जावी. अन्यथा गंभीर दुखापत संभवते.

व्याकरण चोख आहे. मूळ इंग्रजीतले काही सुटलेलेही नाही. कार्यालयात बसून तपासणारा माणूस यावर बरोबरची खूण करील आणि पुढच्या पानाकडे वळेल. पण डायमध्ये पत्रा अडकला आहे, मागून जॉबची घाई चालली आहे, अशा वेळी प्रेसपुढे उभ्या असलेल्या ऑपरेटरला या वाक्यातून हाताने करण्यासारखे काहीच मिळत नाही. पुरवठा कोणी खंडित करायचा? कोणत्या स्विचने? संचयित ऊर्जा कुठे साठलेली असते? खात्री करायची म्हणजे नेमके काय बघायचे? चारही उत्तरे वाक्याबाहेर आहेत. असे वाक्य कामगार पाळत नाहीत यात त्यांचा आळस शोधू नये. त्यात पाळण्याजोगी कृतीच नाही.

या एकाच वाक्याचे मराठी नीट कसे करायचे ते सविस्तर पाहू. पुस्तिकेतल्या बाकीच्या सूचनांमध्येही अडचणी साधारण याच असतात.

पहिली अडचण कर्त्याची. ‘करण्यात आला असल्याची खात्री केली जावी’ या रचनेत काम आपोआप झाल्यासारखे वाटते. ऑपरेटर समजतो की मेंटेनन्सवाल्याने स्विच बंद केला असेल, आणि मेंटेनन्सवाला समजतो की ऑपरेटरने केला असेल. इंग्रजी तांत्रिक लेखनात कर्मणी प्रयोग सहज खपतो. आपण तो जशाचा तसा आणला की जबाबदारी दोन माणसांच्या मधल्या फटीत पडते. आज्ञार्थ वापरला की हा प्रश्नच उरत नाही: ‘मेन स्विच बंद करा.’ जो वाचतो आहे त्यानेच करायचे. एका प्रकरणात दोन वेगळ्या माणसांची कामे येत असतील तर प्रत्येकासाठी वेगळा मथळा द्यावा, ‘ऑपरेटरसाठी’ आणि ‘फिटरसाठी’, आणि दोन्हीकडे आज्ञार्थच ठेवावा.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. अनुवादक जरा धीट असेल तर तो वरचे वाक्य सोपे करून ‘काम करण्यापूर्वी मशीन बंद करा’ असे लिहितो. वाचायला सुटसुटीत, पण या प्रकरणातली सगळ्यात धोकादायक सूचना हीच. कारण शॉप फ्लोअरवर ‘मशीन बंद केले’ या शब्दांना किमान चार अर्थ आहेत. सायकल थांबवली तरी मशीन बंद, इमर्जन्सी बटण दाबले तरी बंद, मेन मोटार बंद केली तरी बंद, आणि पॅनेलवरचा मेन स्विच खाली केला तरी बंद. यांपैकी फक्त शेवटच्या कृतीने प्रेसची वीज तुटते. इमर्जन्सी बटण हालचाल थांबवते, पण पॅनेलमध्ये वीज राहते आणि दुसऱ्या कोणी ते बटण फिरवून सोडले की प्रेस पुन्हा सुरू करता येतो. म्हणून ‘मशीन बंद करा’ हा शब्दप्रयोग या पुस्तिकेपुरता वर्ज्यच समजावा. प्रत्येक वेळी कोणता स्विच, हे त्याच्या नावानिशी लिहावे.

नाव कोणते लिहायचे, तर पॅनेलवर दिसते ते. पॅनेलवर `MAIN MOTOR OFF` असे कोरलेले असेल तर पुस्तिकेतही ते तसेच छापावे आणि पहिल्यांदा येते तिथे ‘मेन मोटारचे लाल बटण’ अशी ओळख द्यावी. त्याचे ‘मुख्य चलित्र विराम’ केले तर वाचणारा पॅनेलवर ते शब्द शोधत बसेल. त्यासाठी अनुवादकाने एकदा तरी त्या मशीनसमोर उभे राहायला हवे, निदान पॅनेलचे फोटो तरी मागवून घ्यायला हवेत. पुस्तिका एका मॉडेलची आणि कारखान्यातले पॅनेल नंतर बदललेले, हे वाटते त्यापेक्षा जास्त वेळा आढळते.

आता ‘संचयित ऊर्जा’. या शब्दाला ‘साठलेली ऊर्जा’ म्हटल्याने काम होत नाही, कारण अडचण शब्दाच्या कठीणपणाची नाही. प्रेसवर ही ऊर्जा तीन ठिकाणी असते आणि ती तिन्ही ठिकाणे डोळ्यांना वेगवेगळी दिसतात. मोटार बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते, आणि तेवढ्यात क्लच लागला तर रॅम, म्हणजे डायवर येऊन दाबणारा प्रेसचा वरचा जड भाग, पूर्ण जोराने खाली येतो. क्लचच्या आणि काउंटरबॅलन्सच्या सिलिंडरमध्ये, टाकीत, नळीत हवेचा दाब असतो. आणि वर थांबलेल्या रॅमचे स्वतःचे वजन असते. ते खाली येऊ न देण्याचे काम ब्रेक आणि काउंटरबॅलन्स करतात. अनुवादात या तिन्हींची नावे घेतली पाहिजेत. मूळ पुस्तिकेत ती एकाच शब्दात गुंडाळलेली असतील तर अंदाजाने सोडवू नये. मशीन बनवणाऱ्याला किंवा कारखान्याच्या मेंटेनन्स इंजिनिअरला लेखी प्रश्न पाठवून उत्तर घ्यावे.

यानंतर क्रम, आणि इथे मराठीची स्वतःची वाक्यरचना आडवी येते. इंग्रजीत ‘आधी अमुक करा, तमुक करण्यापूर्वी’ असा क्रम असतो. कृती पहिली, अट नंतर. मराठीत ते स्वाभाविकपणे उलटते: ‘गार्ड उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करा.’ वाक्य निर्दोष आहे, पण डोळ्यांसमोर पहिल्यांदा येते ते गार्ड उघडणे. जो एकेक शब्द लावून वाचतो, किंवा एका हातात पाना धरून कडेने नजर टाकतो, त्याचा हात वाक्य संपण्याआधीच गार्डकडे गेलेला असतो. म्हणून वाक्यातल्या कृतींचा क्रम हातांच्या क्रमासारखाच ठेवावा: ‘आधी मेन स्विच बंद करा. मग गार्ड उघडा.’ शाळेच्या निबंधात हे तुटक वाटेल, इथे तुटकच हवे.

‘शिवाय’ आणि ‘जोपर्यंत… तोपर्यंत’ यांचेही तेच. ‘जोपर्यंत फ्लायव्हील थांबत नाही तोपर्यंत गार्ड उघडू नका’ यात दोन नकार आहेत आणि अर्थ लावायला दोन्ही एकमेकांतून वजा करावे लागतात. ‘फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या. मग गार्ड उघडा’ यात वजाबाकी नाही. ‘कुलूप लावल्याशिवाय हात घालू नका’ हेही ‘आधी कुलूप लावा, मगच हात घाला’ असे सरळ करता येते. त्या ‘मगच’मधल्या ‘च’वर सगळा भार आहे, तो छपाईत गळू देऊ नये.

एक सापळा मात्र अनुभवी अनुवादकालाही फसवतो. ‘-ऊन’ प्रत्ययाचे क्रियापद आणि शेवटी ‘नका’ असे आले की नकार कशाकशाला लागतो हे निश्चित राहत नाही. ‘सेन्सर काढून रॅम हलवू नका’ हे वाक्य घ्या. एक जण वाचेल की सेन्सर काढलेला असताना रॅम हलवायचा नाही, म्हणजे सेन्सर जागेवर हवा. दुसरा वाचेल की सेन्सर काढून टाका आणि मग रॅम हलवू नका. दोन्ही वाचने मराठीत बसतात, आणि त्यांतून होणाऱ्या कृती एकमेकींच्या विरुद्ध आहेत. मजकूर पूर्ण झाल्यावर ‘नका’ आणि ‘नये’ हे शब्द शोधून त्यांच्या मागे ‘-ऊन’ आहे का हे तपासण्याची एक वेगळी फेरी घ्यावी. जिथे सापडेल तिथे वाक्य तोडावे: ‘सेन्सर जागेवर ठेवा. सेन्सर जागेवर नसेल तर रॅम हलवू नका.’

क्रियापदाचे रूप कोणते घ्यावे याबद्दल कारखान्यांत उगाचच वाद होतात. ‘करावे’ हे रूप सरकारी परिपत्रकात बंधनकारक असते आणि पाककृतीत ऐच्छिक. वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो. ‘करणे आवश्यक आहे’ मध्ये कर्ता पुन्हा गायब होतो. ‘मनाई आहे’ ही भिंतीवरच्या पाटीची भाषा आहे आणि अशा पाट्यांना आपण किती जुमानतो हे कोणत्याही जिन्यात दिसते. ‘कृपया’ लावले की आज्ञेची विनंती होते, आणि विनंतीला नाही म्हणता येते. ‘कर’, ‘नको’ अशी एकेरी रूपे मोठ्या वयाच्या कामगाराला खटकतात. राहता राहिले ‘करा’ आणि ‘करू नका’. हीच दोन रूपे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरावीत, ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ न लावता.

मूळ इंग्रजीत सक्तीचा, सल्ल्याचा आणि परवानगीचा असे तीन वेगळे सूर असतात, त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. सक्ती असेल तर ‘करा’. सल्ला असेल तर तो इशाऱ्याच्या चौकटीबाहेर काढून ‘असे केल्यास डाय जास्त टिकते’ अशा साध्या विधानात लिहावा. परवानगीच्या जागी येणारे ‘शकतो’ विशेष जपून वापरावे. ‘ऑपरेटर कव्हर काढू शकतो’ याचा अर्थ त्याला मुभा आहे, की तो काढण्याची भीती आहे? मुभा असेल तर ‘कव्हर काढायला ऑपरेटरला परवानगी आहे’ असे लिहा. भीती असेल तर कव्हर उघडता येणार नाही अशी तजवीज करायला इंजिनिअरला कळवा.

हे सगळे लावून सुरुवातीचे ते एक वाक्य असे होते. प्रेस एअर क्लचचा आणि काउंटरबॅलन्सचा आहे असे धरले आहे. दुसऱ्या प्रकारच्या प्रेसला पायऱ्या बदलतील.

> जीवघेणा धोका
> रॅम अचानक खाली येऊ शकतो. हात चिरडेल.
> डायमध्ये काम करायचे असेल तर याच क्रमाने करा:
>
> १. रॅम सर्वात वर नेऊन थांबवा.
> २. मेन मोटार बंद करा.
> ३. फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या. थांबलेले डोळ्यांनी पाहा.
> ४. मेन स्विच `OFF` वर आणा. त्याला स्वतःचे कुलूप आणि टॅग लावा. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.
> ५. सेफ्टी ब्लॉक लांब हँडलने धरा. रॅमखाली उभा करा.
> ६. एअर व्हॉल्व्ह बंद करा. त्यालाही कुलूप लावा.
> ७. ड्रेन व्हॉल्व्ह उघडा. गेजचा काटा `0` वर येऊ द्या.
> ८. दोन्ही हातांची बटणे एकत्र दाबा. काही हलले तर काम थांबवा आणि सुपरवायझरला बोलवा.
> ९. काहीच हलले नाही, तरच डायमध्ये हात घाला.

एका वाक्याच्या नऊ पायऱ्या झाल्या, पण प्रत्येक पायरी करून दाखवता येते आणि झाली की नाही हे दुसऱ्याला बघता येते. ‘खात्री करा’ हा शब्द कुठेच नाही. त्याच्या जागी काटा `0` वर येणे, बटण दाबून पाहणे, डोळ्यांनी पाहणे अशा दिसणाऱ्या गोष्टी आल्या आहेत.

पाचव्या आणि सातव्या पायरीचा क्रम मुद्दाम तसा आहे. काउंटरबॅलन्सची हवा रॅमचे वजन तोलून धरते. ती आधी सोडली तर रॅमचा सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक झिजलेला असेल तर रॅम हळूहळू खाली सरकतो. म्हणून ब्लॉक आधी, हवा नंतर. मूळ पुस्तिकेत या दोन गोष्टी एकाच ओळीत स्वल्पविरामाने जोडलेल्या असतील तर अनुवादक त्या आपल्या कानाला बऱ्या वाटतील तशा पुढेमागे करतो. क्रमाचा प्रश्न अनुवादकाने स्वतः सोडवू नये. पायऱ्या पाडल्यावर त्या इंजिनिअरकडून तपासून त्यांवर सही घ्यावी.

धोक्याचे कारण पायऱ्यांच्या वर, एकाच ओळीत आहे. ‘गंभीर दुखापत संभवते’ यापेक्षा ‘रॅम खाली येऊ शकतो, हात चिरडेल’ हे कठोर आहे, पण कामगाराला त्यातून कशावर नजर ठेवायची ते कळते. मोटार बंद असताना थांबायचे कशाला, असे ज्याला वाटते तोच तिसरी पायरी वगळतो. त्यासाठी त्या पायरीखाली बारीक अक्षरात ‘मोटार बंद असली तरी फ्लायव्हील फिरते तोवर रॅम खाली येऊ शकतो’ एवढे एक वाक्य घालता येते. प्रत्येक पायरीखाली मात्र असे कारण देऊ नये. सगळेच ठळक केले की काहीच ठळक राहत नाही.

चौकटीचा मथळाही विचार करून ठरवावा लागतो. अमेरिकेच्या ऍन्सी झेड ५३५ आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ ३८६४ या सुरक्षा चिन्हांच्या मानकांमध्ये इजेच्या इशाऱ्यांच्या तीन पातळ्या आहेत. लाल पातळीत धोका टाळला नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होतेच, नारिंगी पातळीत ती होऊ शकते, आणि पिवळ्या पातळीत किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. मराठीत यांसाठी सरसकट ‘धोका’, ‘इशारा’, ‘सावधान’ वापरतात. पण ‘सावधान’ हा शब्द विजेच्या खांबावर कवटीशेजारी दिसणारा. तो ‘इशारा’पेक्षा कितीतरी जास्त दचकवतो, म्हणजे क्रमच उलटतो. त्यापेक्षा मथळ्यातच परिणाम सांगावा: लाल पट्टीवर ‘जीवघेणा धोका’, नारिंगीवर ‘मोठ्या इजेचा धोका’, पिवळ्यावर ‘इजा होऊ शकते’. मशीनचेच नुकसान होणार असेल तर ‘मशीन बिघडेल’ असा वेगळा मथळा द्यावा आणि तिथे माणसाच्या इजेचा रंग वापरू नये. ग्राहकाच्या नियमांनी ठरावीक शब्दच लागत असतील तर ते ठेवून त्याखाली ही ओळ घालता येते.

शब्दांच्या बाबतीत एकच कसोटी पुरते: फिटर दुसऱ्या फिटरला हाक मारून काय म्हणतो. तो ‘फ्लायव्हील’ म्हणतो, ‘गतिचक्र’ नाही, आणि ‘गार्ड’ म्हणतो, ‘संरक्षक आवरण’ नाही. उलट ‘चिरडणे’, ‘अडकणे’, ‘सरकणे’, ‘भाजणे’ ही क्रियापदे अस्सल मराठी आहेत आणि सगळ्यांना कळतात, तिथे इंग्रजी आणायचे कारण नाही. एका वस्तूला पुस्तिकाभर एकच नाव हवे. सहाव्या पानावर ‘मेन स्विच’ आणि विसाव्या पानावर ‘आयसोलेटर’ असे लिहिले तर वाचणारा दोन वेगळे स्विच शोधेल.

मजकूर झाला की तो कामगारांवर तपासून पाहावा. ‘समजलं का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. सुपरवायझरच्या देखरेखीखाली, मेंटेनन्सने वीज तोडून कुलूप लावलेल्या प्रेससमोर पान हातात द्यावे आणि ‘यात सांगितलंय तसं करून दाखवा’ म्हणावे. हवा कामगार स्वतः सोडणार असेल तर सेफ्टी ब्लॉक आधीपासून जागेवर हवा, निव्वळ दाखवायचे असेल तर हात लावायचीही गरज नाही. पाच-सहा जण पुरतात, पण त्यांत नवा माणूस हवा, कंत्राटी हवा, आणि हळू वाचणारा एक जण नक्की हवा. कुठे अडखळले, कुठे पान उलटून मागे गेले, कुठे कोणता भाग असे विचारले, हे टिपून घ्यावे. चुका दोन प्रकारच्या असतात. एकात माणूस थांबतो आणि विचारतो, दुसऱ्यात तो बिनदिक्कत उलटे करतो. सुरक्षा चिन्हांच्या चाचणीसाठी ऍन्सीने हाच भेद आकड्यांत मांडला आहे: किमान ८५ टक्के लोकांना अर्थ बरोबर कळायला हवा, आणि उलटा, घातक अर्थ घेणारे ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. सहा जणांच्या चाचणीत टक्केवारीला अर्थ नाही. एकानेही उलटे केले तर ते वाक्य पुन्हा लिहावे.

मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत करून पाहण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. गळालेला नकार किंवा चुकलेला आकडा तिच्यात सापडतो. पण सुरुवातीचे ते ‘खात्री केली जावी’ वाक्यही तिच्यातून सहीसलामत पार पडेल, म्हणून कामगारांसमोरच्या चाचणीची जागा ती घेऊ शकत नाही.

शेवटी छपाई. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला असतो, त्यामुळे ओळ तुटली की ‘हात घालू’ वरच्या ओळीत आणि ‘नका’ खालच्या ओळीत जातो, कधी पुढच्या पानावरही. वर्डमध्ये ‘घालू’ आणि ‘नका’ यांच्यामध्ये साधी मोकळी जागा न देता `Ctrl+Shift+Space` दाबावे, म्हणजे ते दोन शब्द वेगळे होत नाहीत. मशीनवर चिकटवायच्या लेबलवर तर तीन शब्दांपेक्षा लांब नकार देऊच नये आणि त्याच्या डावीकडे मनाईचे लाल वर्तुळ ठेवावे. लेबलची कड तेलाने आणि पुसण्याने झिजते, आणि ‘नका’ नेमका त्याच कडेला असतो.

आकडेही बघावेत. गेजवर आणि डिस्प्लेवर आकडे इंग्रजी असतात, आणि मराठी ‘१’ घाईत इंग्रजी `9`सारखा दिसतो. दाबाचे, वेळेचे, व्होल्टचे आकडे गेजवर दिसतात त्याच अंकांत छापावेत आणि एककही तेच ठेवावे. गेजवर `bar` असेल तर पुस्तिकेत किलोचा हिशेब आणू नये. पायऱ्यांचे क्रमांक मराठीत राहिले तरी चालतात, ते कोणी गेजशी ताडून बघत नाही.